मदत हवी आहे: पिवळा रंग, "तुरळक ठिकाणी" आणि 40 टक्के यांचा एकत्र अर्थ कसा लावावा? (नान्नज, सोलापूर)

द्राक्षबाग_नान्नज

नमस्कार. माझी नान्नजला दोन एकर द्राक्षबाग आहे. फळछाटणी होऊन सतरा दिवस झाले होते, चार-पाच पाने उघडली होती आणि घड दिसू लागले होते. या अवस्थेत डाऊनी या बुरशीजन्य रोगाची धास्ती सर्वांत जास्त असते, म्हणून मी हवामान विभागाचा जिल्हानिहाय अंदाज रोज पाहतो. मागच्या सोमवारी दुपारच्या पत्रकात सोलापूरसमोर मंगळवारच्या रकान्यात पिवळा रंग, ढग आणि विजेचे चिन्ह होते. त्याखाली "तुरळक ठिकाणी मेघगर्जना, विजांचा कडकडाट, ताशी 30 ते 40 किमी वेगाने वारे आणि हलका ते मध्यम पाऊस होण्याची शक्यता" असे लिहिले होते. बुधवारचा रकाना हिरवा होता.

मी मंगळवारी मॅन्कोझेबची फवारणी टाळली आणि बुधवारी सकाळी करायचे ठरवले. मंगळवारी दिवसभर थेंबही पडला नाही. मात्र बुधवारी पहाटे तीनच्या सुमारास पाऊस आला आणि अंगणातल्या मापकात 11 मिलिमीटर भरला. सकाळी बागेत चिखल होता, ब्लोअर आत नेता आला नाही आणि फवारणी गुरुवारवर गेली. आज सोमवारी पाने उलटून पाहिली, तर वरच्या बाजूला तेलकट डाग आणि खाली पांढरी बुरशी आहे. हिरव्या दिवशी पाऊस आला, म्हणजे अंदाज चुकला असे मी समजावे का?

दुसरा प्रश्न मुलीचा आहे. ती स्कूटीवरून सोलापूरला नोकरीला जाते आणि संध्याकाळी सहा ते सातच्या दरम्यान बार्शी रोडने परत येते. तिच्या मोबाइलवर मंगळवारी चार वाजता 30, पाच वाजता 40, सहा वाजता 40 आणि सात वाजता 30 टक्के असे दिसत होते. यातला कोणता आकडा तिचा?

बार्शीरोड_रोजचा

मी याच रस्त्याने रोज दुचाकीवर जातो आणि माझा हिशेब साधा आहे. रंग म्हणजे पावसाचे प्रमाण: पिवळा थोडा, नारिंगी जास्त, लाल मुसळधार. "तुरळक" म्हणजे पंचवीस टक्के शक्यता. मोबाइलवर चाळीस आणि पत्रकात पंचवीस, म्हणजे दोघांपैकी एक चुकीचा आहे. मी स्वतः पन्नासच्या वर आकडा गेला तरच रेनकोट डिकीत टाकतो.

पर्जन्यमापक_निवृत्त

द्राक्षबाग, तुमचे नुकसान वाचून वाईट वाटले. माझी बरीचशी नोकरी पर्जन्यमापकाच्या नोंदी घेण्यात गेली, म्हणून थोडे सविस्तर लिहितो.

आधी बुधवारची पहाट. हवामान विभागाचा पावसाचा दिवस मध्यरात्री बदलत नाही, तो सकाळी साडेआठला बदलतो. मापक सकाळी 8:30 ला वाचला जातो आणि अंदाजाचा दिवसही दुसऱ्या दिवशीच्या 8:30 पर्यंत चालतो. बुधवारी पहाटे तीनचा पाऊस पत्रकाच्या हिशेबात मंगळवारचा होता आणि मंगळवारचा रकाना पिवळाच होता. अंदाज चुकला नाही. तो रकाना कुठे संपतो, हे पत्रक वाचणाऱ्याच्या सहज लक्षात येत नाही. माझ्या मते ही वेळ प्रत्येक रकान्याच्या डोक्यावर ठळक छापली पाहिजे.

दुसरी गोष्ट बागायतदारासाठी त्याहून महत्त्वाची आहे. हिरवा रंग म्हणजे "इशारा नाही". "पाऊस नाही" असा त्याचा अर्थ नाही. जोरदार पाऊस हा शब्द 24 तासांत 64.5 मिलिमीटरपासून लागू होतो. 15.6 पासून 64.4 पर्यंतचा पाऊस मध्यम आणि 2.5 पासून 15.5 पर्यंतचा हलका. तुमचा 11 मिलिमीटर पाऊस हलक्या गटातला आहे, आणि सोबत वीज किंवा वादळी वारा अपेक्षित नसेल तर असा पाऊस हिरव्या दिवशीही सहज येतो. घरे, रस्ते, माणसे आणि जनावरे यांना धोका किती, हे रंग सांगतो. कोवळ्या पानावर ओल किती तास राहील, हे तो सांगत नाही. फवारणीसाठी रंगाकडे पाहण्यापेक्षा त्याखालचे वाक्य वाचावे.

बार्शीरोड, आपले म्हणणे अर्धे बरोबर आहे. "तुरळक ठिकाणी" या शब्दात पंचवीसचा आकडा खरोखर आहे, पण तो केंद्रांचा आहे: पाऊस नोंदवणाऱ्या केंद्रांपैकी जास्तीत जास्त पाव केंद्रांवर पाऊस. "काही ठिकाणी" म्हटले की निम्म्यापर्यंत, त्यापुढच्या पायरीला पाऊण भागापर्यंत आणि शेवटच्या पायरीला त्याहून जास्त. त्या वाक्यातली शक्यता शेवटच्या शब्दात असते. नुसते "शक्यता" लिहिले असेल तर ती साधारण 25 ते 50 टक्के समजतात आणि "दाट शक्यता" असेल तर 50 ते 75. पत्रक जिल्ह्याबद्दल बोलते, मोबाइलवरचा आकडा एका ठिकाणाबद्दल बोलतो, त्यामुळे दोन्ही एकाच वेळी बरोबर असू शकतात.

रंगाचेही तसेच आहे. तो केवळ मिलिमीटरवर ठरत नाही. परिणाम किती गंभीर आणि तो घडण्याची शक्यता किती, या दोन्हींचा मेळ घालून ठरतो. सौम्य परिणाम पण बराच संभव असेल तरी पिवळा येतो, आणि गंभीर परिणाम पण कमी संभव असेल तरीही पिवळा येऊ शकतो. म्हणून दोन पिवळे दिवस सारखे नसतात.

सीनाकाठ

मंडळात 65 मिलिमीटरच्या वर पाऊस झाला तरच अतिवृष्टी धरतात. आपल्या मापकात 11 आहे, त्यामुळे पंचनाम्याला अडचण येईल. आमच्याकडे मागे शेतात पाणी उभे होते आणि मंडळाच्या केंद्रावर मात्र 48 ची नोंद होती. आपण महसूल मंडळाची नोंद काढून ठेवली आहे का?

द्राक्षबाग_नान्नज

सीनाकाठ, आपल्या कळकळीबद्दल आभार, पण मी भरपाईबद्दल विचारत नाही. पुढच्या वेळी फवारणी कधी करावी, एवढेच मला समजून घ्यायचे आहे.

सीनाकाठ

क्षमस्व, घाईत वाचले. मात्र एक गोष्ट याच विषयातली आहे. नदीकाठच्या माणसाने केवळ सोलापूरचा रकाना पाहू नये. सीना अहिल्यानगरकडून येते. आमच्या डोक्यावर ऊन असताना वरच्या पावसाने पाणी चढलेले मी पाहिले आहे, म्हणून मी वरच्या जिल्ह्यांचे रंगही पाहतो.

पर्जन्यमापक_निवृत्त

हे अगदी योग्य आहे. आता मुलीचा प्रश्न. तासातासाचे आकडे बेरजेचे नसतात आणि सरासरीचेही नसतात. चारही तास मिळून कधीतरी पाऊस येण्याची शक्यता सर्वांत मोठ्या आकड्याहून, म्हणजे 40 हून, कमी असू शकत नाही. प्रत्येक तासाचा पाऊस दुसऱ्या तासाशी पूर्णपणे असंबंधित धरला, तर कोरडे राहण्याची शक्यता 0.7 × 0.6 × 0.6 × 0.7, म्हणजे सुमारे 18 टक्के उरते आणि पावसाची 82 वर जाते. प्रत्यक्षात एकच ढग दोन-तीन तास सरकत असतो, त्यामुळे खरा आकडा या दोन टोकांच्या मध्ये कुठेतरी असतो. तिचा प्रवास सहा ते सातचा आहे, म्हणून तिने सहाच्या रकान्यातले 40 पाहावेत.

पण दुचाकीसाठी 40 टक्के पावसापेक्षा विजेचे चिन्ह महत्त्वाचे आहे. भिजल्याने कपडे ओले होतात. उघड्या माळरानावर वीज जिवावर बेतते. वीज चमकल्यापासून गडगडाट ऐकू येईपर्यंत सेकंद मोजावेत. आवाज एक किलोमीटर यायला सुमारे तीन सेकंद लागतात. तीस सेकंदांच्या आत आवाज आला, तर वीज दहा किलोमीटरच्या आत आहे. अशा वेळी गाडी थांबवून पक्क्या इमारतीत जावे, लिंबाखाली उभे राहू नये आणि शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास निघू नये. दामिनी ॲपमध्ये आसपास पडणाऱ्या विजा दिसतात, निघण्यापूर्वी ते एकदा पाहावे. ताशी 30 ते 40 किमीचा वारा दिवसभर वाहत नाही, तो ढगाबरोबर झोताने येतो. पहिला झोत धूळ घेऊन येतो आणि दुचाकी त्यातच हलते.

बार्शीरोड_रोजचा

धुळीचे खरे आहे. मागच्या महिन्यात एका उसाच्या ट्रॉलीमागे मला दोन मिनिटे काहीच दिसले नव्हते. रेनकोटचा माझा पन्नासचा नियम मात्र मी सोडणार नाही.

पर्जन्यमापक_निवृत्त

रेनकोटला वजन नाही आणि खर्चही नाही, म्हणून मी तो वीस टक्क्यांनाही घेईन. कोणत्या आकड्याला काय करायचे, हे न केल्यास किती नुकसान होईल त्यावर ठरवावे. पन्नासला स्वतःचे असे काही महत्त्व नाही.

छाटणी_ते_काढणी

मी कासेगावला द्राक्षे करतो. मूळ चूक रकान्याच्या आधीची आहे, असे मला वाटते, राग मानू नये. मॅन्कोझेब पानाच्या वर राहून काम करते, आत शिरत नाही. पान ओले होण्यापूर्वी ते पानावर असले पाहिजे; ओल येऊन गेल्यावर त्याचा फारसा उपयोग नाही. म्हणजे पावसाची शक्यता हे फवारणी टाळण्याचे कारण नसून ती आधी उरकण्याचे कारण आहे. ऑक्टोबरचे ढग आपल्याकडे बहुधा दुपारच्या उन्हाने तयार होतात आणि संध्याकाळी किंवा रात्री कोसळतात. मंगळवारी सकाळी दव उतरल्यावर साडेआठला ब्लोअर सुरू केला असता, तर दोन एकर अकरापर्यंत झाले असते आणि औषध वाळायला दुपार मिळाली असती. 11 मिलिमीटरने त्यातले काही धुतले गेले असते, पण पान उघडे राहिले नसते.

द्राक्षबाग_नान्नज

हे वाचून डोळे उघडले. एका फवारणीला मला औषध, डिझेल आणि मजुरी धरून साधारण अडीच हजार लागतात. घडावर डाऊनी गेली, तर नुकसान त्याच्या कितीतरी पट आहे. म्हणजे चाळीस टक्क्यांनाच काय, वीस टक्क्यांनाही सकाळी फवारणे परवडते. मी मात्र रंग पाहून थांबलो. आता डाग आल्यावर आंतरप्रवाही औषध कोणते घ्यावे, हे कृषी विज्ञान केंद्रात पाने दाखवून विचारतो.

एक शंका राहिली. संध्याकाळी आभाळ निरभ्र आणि पाऊस पहाटे तीनला, हे आदल्या दिवशी कसे ओळखावे?

पर्जन्यमापक_निवृत्त

त्याला पक्के उत्तर माझ्याकडे नाही. पुढच्या तीन तासांचा तातडीचा इशारा येतो, पण तो रात्री बाराला आला तर आपण झोपेत असता आणि ब्लोअर तेव्हा चालत नाही. पश्चिमेला किंवा दक्षिणेला रात्री दूरवर वीज चमकताना दिसली, तर ढग जिवंत आहे एवढे समजते. तो आपल्याकडे येईल की अक्कलकोटकडे जाईल, हे रडारचे चित्र दहा-पंधरा मिनिटांनी पुन्हा पाहिल्याशिवाय कळत नाही.

छाटणी_ते_काढणी

मी रात्री अंदाज लावत बसत नाही. मंगळवार आणि शुक्रवारी कृषी हवामान सल्ला येतो, त्यातले पुढच्या पाच दिवसांचे पावसाचे आणि आर्द्रतेचे आकडे पाहून सकाळच्या फवारण्या आधीच ठरवतो. मात्र ते आकडे आमच्या गावाला किती लागू पडतात, याबद्दल मलाही खात्री नाही. कासेगावला कोरडे आणि चार किलोमीटरवर ओढा वाहतो, असे याच महिन्यात दोनदा झाले.

द्राक्षबाग_नान्नज

आजच्या पत्रकात गुरुवारसमोर पुन्हा पिवळा आहे, "काही ठिकाणी" आणि "दाट शक्यता" या शब्दांसह. गुरुवारी आणि शुक्रवारी, दोन्ही दिवशी सकाळी साडेआठला मापक वाचून इथे आकडा लिहितो. केंद्राने सांगितलेले औषध मिळाले, तर बुधवारी दव उतरताच फवारणी करून घेतो.