फक्त ॲनिमे बघणाऱ्याने खऱ्या माणसांचं जपानी काय बघावं?

खादाडबोका: पाच-सहा वर्षं फक्त ॲनिमे बघतोय. 'अटॅक ऑन टायटन'चा 2015 चा पिक्चर लावला नि अर्ध्यात बंद केला. मारामारी नसलेलं, हलकंफुलकं काही आहे का, की जपान्यांना कार्टूनच जमतं?

रानजाई: नेटफ्लिक्सवर 'द मकानाई' लाव, 2023 ची आहे, नऊच भाग. आओमोरीहून दोन मैत्रिणी मायको, म्हणजे शिकाऊ गेइशा, व्हायला क्योतोला येतात. सुमिरेला नाच पटकन जमतो, कियोला काही केल्या जमेना म्हणून तिची घरी रवानगी ठरते, तेवढ्यात स्वयंपाकाच्या बाईंची कंबर धरते नि कियो सगळ्यांना ओयाकोदोन करून घालते, म्हणजे आपलं साधं चिकन-अंडं घातलेला भात, आणि तिथून ती स्वयंपाकघरातच राहते. कियो झालेली नाना मोरी म्हणजे 'वेदरिंग विथ यू'मधली हिना, तोच आवाज. तू तिला ओळखतोसच, फक्त चेहरा बघितलेला नाहीस.

तलवारबाज: झोपेल तो. नऊ भाग नुसतं भाजी चिरणं! मी म्हणतो 2012 चा 'रुरोनी केन्शिन' बघ, मारामारी नको म्हणालास तरी बघ, लोक खरोखर धावतात, पडतात, दम लागलेला दिसतो. ओळखीची गोष्ट असली की माणूस टिकतो.

रानजाई: ओळखीची गोष्ट हाच तर घोळ आहे ना. केस तसे नाहीत, आवाज तसा नाही, हेच तपासत बसतो आपण. केन्शिन चांगलाच आहे, नाही कोण म्हणतंय, पण तो अपवाद.

झणझणीत: मुळात जपानी नटच ओव्हरॲक्टिंग करतात, सगळीकडे किंचाळतात. मांगावरचं, म्हणजे जपानी कॉमिकवरचं काही बघूच नये हा माझा नियम.

रानजाई: किंचाळण्याचं अर्धं खरंय. कागदावर मोठ्ठे डोळे काढून जे वाक्य खपतं ते माणसाने तसंच ओरडून म्हटलं की खोटं वाटतं, बोक्याचं 'टायटन'मध्ये तेच झालं असणार. पण नियम चुकला तुझा. 'मकानाई' मांगावरचीच आहे, तिचा 2021 चा ॲनिमेसुद्धा आहे. आणि दिग्दर्शक कोरे-एदाचा 'अवर लिटल सिस्टर' (2015) ज्या मांगावर आहे ती अकिमी योशिदाची, 'बनाना फिश'वाली. संगीत योको कान्नोचं, 'काउबॉय बेबॉप'वालीच.
तीन बहिणी कामाकुरातल्या जुन्या घरात राहतात. पंधरा वर्षांपूर्वी घर सोडून गेलेला बाप वारतो, अंत्यविधीला यामागाताला गेल्यावर त्याची दुसरीकडची मुलगी सुझू भेटते. परतताना गाडी सुटायच्या बेतात असते नि थोरली दारातूनच विचारते, येतेस का आमच्याकडे राहायला? रडारड नाही. सुझू झालेल्या सुझू हिरोसेने तर स्क्रिप्टच घेतली नव्हती, कोरे-एदा सेटवर तिला वाक्यं सांगायचा. म्हणून ती बोलायच्या आधी खरंच ऐकते. ॲनिमेत मनातलं सगळं मोठ्याने बोलून दाखवतात, इथे ते कोणी सांगत नाही, पहिली वीस मिनिटं त्याचाच त्रास होतो.

सोलापूरकरीण: माझी आई सबटायटल वाचत नाही, तरी 'मिडनाइट डायनर' माझ्याबरोबर बघते. मध्यरात्री उघडणारी खानावळ, मेनूवर फक्त डुकराच्या मांसाचं मिसो सूप नि दारू, बाकी सामान असेल तर मालक सांगाल ते करून देतो. ते सूप मी आईला सांगितलेलं नाही. जुन्या पहिल्या सीझनात एक याकुझा लाल सॉसेज खायला येतो नि शेजारचा म्हातारा बारवाला गोड ऑम्लेट, दोघं एकमेकांच्या ताटातलं खायला लागतात, एवढीच गोष्ट. आई म्हणाली, चांगला आहे हो गुंड.

वरणभात: कोरियन बघा की, 'रिप्लाय 1988' भारी आहे.

तलवारबाज: जपानी विचारलंय रे बाबा. आणि रानजाईताई, 'मकानाई' जरा जास्तच गोड नाही का? 2022 मध्ये एका माजी मायकोने उघड लिहिलं होतं, अल्पवयीन असताना दारू पाजली, पाहुण्यांनी अंगाला हात लावला. मालिकेत त्यातलं काय आहे? मुलगी ओयाकोदोन करते नि सगळे हसतात.

रानजाई: ते मान्य. त्या बाबतीत मालिका डोळे मिटते, मला स्वतःला दुसऱ्यांदा बघताना खटकलं. तरी सुरुवातीला मी तीच देईन, कारण पडद्यावर शांत बसलेल्या माणसाकडे बघत राहायची सवय तिच्याने लागते. त्याच कोरे-एदाचा 'शॉपलिफ्टर्स' (2018) मात्र लगेच लावू नकोस, तो गोड सुरू होतो नि मग चांगलाच चिमटा काढतो.

तलवारबाज: म्हणजे आधी साखर, मग कारलं. मला नाही पटत.

खादाडबोका: 'मकानाई'चे दोन भाग बघितले. पहिल्यात दोनदा मोबाइल हातात घेतला, खोटं कशाला बोलू. दुसऱ्यात कियो बोलली की डोळे मिटून ऐकायचो, हिनाच वाटते. आता भूक लागलीय नि घरात अंडी नाहीत. केन्शिन पण लावणारच आहे, तलवारबाज.