मदत हवी आहे: आईची दाढ काढायची आहे, वॉरफरिन बंद करायची का?

सायली_क
आई ६२ वर्षांची. नऊ वर्षांपूर्वी तिच्या हृदयाची माइट्रल झडप बदलून मेकॅनिकल झडप बसवली, तेव्हापासून रक्त पातळ ठेवायला रोज वॉरफरिन. आता खालची उजवी दाढ पार किडली आहे, गाल सुजला आहे. डेंटिस्ट म्हणतात गोळी पाच दिवस बंद करा, मग काढू. हृदयाचे डॉक्टर म्हणतात एक दिवसही बंद करायची नाही. रक्त किती उशिरा गोठतं ते सांगणारा आयएनआर गेल्या महिन्यात २.८ होता. सोमवारची वेळ घेतली आहे. कोणाचं ऐकायचं?

रानवारा
माझ्या वडिलांनी पाच दिवस गोळी बंद ठेवून दोन दाढा काढल्या, काही झालं नाही. पाच दिवसांत रक्त नेहमीसारखं गोठू लागतं. उगाच घाबरू नका.

अक्कलदाढ
मी तोंडाच्या शस्त्रक्रिया करतो. रानवारा, पाच दिवसांचं गणित बरोबर आहे, पण अर्धंच. पुन्हा सुरू केल्यावर गोळीचा पूर्ण असर यायला आणखी पाच-सहा दिवस जातात, म्हणजे दहाएक दिवस झडपेला गुठळीपासून पुरेसं संरक्षण नसतं. वडिलांना गोळी कशासाठी होती? ठोके अनियमित असण्यासाठी असेल तर त्यांचा धोका वेगळा. माइट्रलच्या जागी मेकॅनिकल झडप असेल तर तिच्यावर गुठळी धरण्याची भीती सगळ्यात जास्त. दाढेच्या खड्ड्यातलं रक्त डोळ्यांना दिसतं, बोटाने दाबता येतं. झडपेवरची गुठळी दिसत नाही आणि मेंदूत गेली तर परत आणता येत नाही. म्हणून एक-दोन दाढांसाठी वॉरफरिन सहसा चालू ठेवतात. मात्र शेवटचा शब्द झडपेच्या डॉक्टरांचा.

सायली, महिन्याभरापूर्वीचा आयएनआर इथे कामाचा नाही. आदल्या दिवशीचा हवा. आकडा ३.५ पर्यंत असेल तर मी निश्चिंत असतो. काही ठिकाणी चारच्या आत असला तरी काढतात, यावर आमच्यातही एकमत नाही. आणि सुजेसाठी काय औषध चालू आहे?

पिंपळपान
मी ॲपिक्साबान घेते, तीही रक्त पातळ ठेवायचीच गोळी. माझीही दाढ काढायची आहे. मीही आयएनआर करून घेऊ का?

अक्कलदाढ
नको, तुमच्या गोळीचा असर आयएनआरमध्ये नीट दिसत नाही. एका दाढेसाठी बहुधा गोळी चालूच ठेवतात. जास्त दाढा असतील तर सकाळचा एक डोस टाळायला सांगतात. किडनीचा रिपोर्ट घेऊन तुमच्या डॉक्टरांनाच विचारा.

सायली_क
सुजेसाठी अमॉक्सिसिलिन आणि मेट्रोनिडाझोल, आज चौथा दिवस.

अक्कलदाढ
मेट्रोनिडाझोल! वॉरफरिन शरीरातून बाहेर पडण्याचा वेग ते कमी करतं. गोळी तेवढीच, असर मात्र वाढत जातो. आजच आयएनआर करा आणि दोन्ही डॉक्टरांना आकडा कळवा. हिरड्यांतून रक्त, लाल लघवी, काळी शौच, कारण नसताना काळेनिळे डाग, यांतलं काहीही दिसलं तर लगेच दवाखाना गाठा. दुखण्यासाठी पॅरासिटामॉल, तेही डॉक्टरांनी सांगितलं तेवढंच. आयब्युप्रोफेन, डायक्लोफेनॅक अजिबात नको.

सायली_क
आयएनआर ४.४ आला. दंडावर एक निळा डाग होता, तो कालपासून आम्ही बांगडी लागली म्हणून सोडून दिला होता. हृदयाच्या डॉक्टरांनी मेट्रोनिडाझोल थांबवलं, वॉरफरिनचा डोस तात्पुरता कमी केला. सोमवारची वेळ रद्द.

सायली_क (आठ दिवसांनी)
काल दाढ निघाली. आदल्या दिवशी आयएनआर ३.० होता. वेळ मुद्दाम मंगळवारी सकाळी नऊची घेतली, म्हणजे काही झालं तर दिवसा आणि पुढचे दिवस डॉक्टर हाताशी. तासभर आधी ५०० मिलिग्रॅमच्या चार अमॉक्सिसिलिन कॅप्सूल एकदम दिल्या, झडपेला जंतुसंसर्ग होऊ नये म्हणून. भूल दाढेच्या बाजूलाच दिली, जबड्याच्या मागे खोलवर सुई नेली नाही. खड्ड्यात जिलेटिनचा स्पंज, वरून दोन टाके, मग अर्धा तास कापसाच्या बोळ्यावर दाब. दुसरी दाढही काढायची आहे, पण ती आज नको, एकीचं बघू, असं डेंटिस्ट म्हणाले.

संध्याकाळी आईने मीठपाण्याने खळखळून चूळ भरली आणि रक्त सुरू झालं. बेसिनमध्ये लाल थुंकी बघून माझे हात गार पडले. रक्त थांबवायला मदत करणाऱ्या ट्रॅनेक्झामिक ॲसिडच्या ५ टक्के द्रावणात गॉज भिजवला, घडी करून खड्ड्यावर ठेवला आणि २० मिनिटं घट्ट चावून धरायला लावलं. मध्ये उघडून बघायचा मोह आवरला. थांबलं. आता त्याच द्रावणाचे १० मिलिलिटर दिवसातून चारदा, दोन मिनिटं तोंडात नुसतं धरून थुंकायचं, गिळायचं नाही. असं दोन दिवस.

अक्कलदाढ
उत्तम. रक्त २० मिनिटांच्या दाबानेही थांबत नसेल, किंवा तोंडात काळसर लाल, मऊ, लिबलिबीत गोळा साचून कडेने रक्त झिरपत असेल, तर थांबू नका, डेंटिस्टना दाखवाच. मेट्रोनिडाझोल बंद झाल्यामुळे आयएनआर आता खालीही घसरेल, आणि कमी केलेला डोस तसाच राहिला तर झडपेवर गुठळी धरण्याची भीती वाढेल. पुढची तपासणी कधी सांगितली आहे?

सायली_क
पंधरा दिवसांनी.

अक्कलदाढ
मला ते लांब वाटतं. आजच फोन करून विचारा, या आठवड्यात करायची का.