मदत हवी आहे: वाकड्या रॉडला सेफ्टी फॅक्टर लोडवर लावायचा का स्ट्रेसवर?

भाऊ लोकं, हिंगण्याच्या शेडमध्ये ४० मिमीचा भरीव माइल्ड स्टील रॉड दाबात वापरून राहिलो, लांबी २ मीटर, दोन्ही टोकं पिनवर. ऑयलरचा लोड निघतो ६२ किलोन्यूटन. पण दोरी ताणून पाहिलं तर मधात ४ मिमी बाक आहे ना बावा.

३१ लोडला बाक दुप्पट होऊन ८ मिमी, कमाल स्ट्रेस ६४ एमपीए. ४९.६ ला बाक पाचपट आन स्ट्रेस १९७, म्हणजे लोड १.६ पट आन स्ट्रेस तिप्पट! मी हे लावलं:

```
σ = P/A × [1 + 0.8/(1 − P/Pcr)]
```

0.8 म्हणजे बाक ४ गुणिले २० भागिले १००; हे १०० म्हणजे रेडियस ऑफ गायरेशन r चा वर्ग.

आता घोळ असा का यील्ड २५० धरला तर ५२ ला येतो. आमचे सर म्हणतात स्ट्रेस अर्धा ठेव, १२५. पण तो तर ४३ लाच येतो, मग लोडवर मार्जिन फक्त १.२ च उरलं ना? मला वाटते ५२ लाच २ नं भागून २६ धरावं. बरोबर आहे का, का माझं काही चुकून राहिलं?