नंबर बघून नाही, ओव्हर बघून बॅटिंग: संघाला दिलेलं पत्र, तुमचं मत सांगा

टिळकवाडीचा कोच

मालिकेआधी पोरांच्या हातात हे पत्र दिलंय. दोघंतिघं नाराज आहेत. पत्र जसंच्या तसं देतो. ही पद्धत तुम्हाला पटते का, सांगा.

पोरांनो,

तीन सामने आहेत, प्रत्येकी 30 ओव्हर, लेदर बॉल. पहिले दोन मॅटिंगवर, तिसरा टर्फवर. तिन्ही सकाळी नऊला. "सर, मी कितव्या नंबरला?" असं सगळ्यांनी विचारून झालंय. ओपनर ठरलेले आहेत. त्यांच्यानंतर कोण जाणार, हे विकेट कुठल्या ओव्हरला पडते त्यावर ठरेल.

मॅटचा काथ्या चेंडूची चमक घासून काढतो. पाच-सहा ओव्हरांत स्विंग जवळपास संपतो आणि समोरचा कॅप्टन फिरकी लावतो. म्हणून पहिली विकेट सहा ओव्हरांच्या आत गेली तर आपला कीपर जाईल, कारण तो चेंडू अंगाजवळ येऊ देतो आणि उशिरा खेळतो. सहानंतर गेली तर लेफ्टी जाईल. टर्फवर सकाळी दवामुळे चेंडू जास्त वेळ हलतो, तिथं कीपरची हद्द दहा ओव्हरांपर्यंत. वीसच्या पुढं कुठलीही विकेट पडली तर फटकेबाज आधी.

लेफ्टीच का, हेही सांगतो. आपल्या पाच नंबरवाल्याची सरासरी 40 आहे, लेफ्टीची 29. पण पाच नंबरवाल्याच्या 10 डावांत 240 धावा आणि चार वेळा नाबाद, म्हणून 240 ला सहानं भागलं जातं. लेफ्टीनं 10 डावांत 290 केल्या, दर वेळी बाद होऊन. पाच नंबरवाला बहुतेक वेळा शेवटच्या सहा-सात ओव्हरांत गेलाय, फील्डिंग पसरलेली असताना. सातव्या ओव्हरला फिरकीसमोर चारी बाजूंनी फील्डर जवळ असताना काय होतं, ते ती सरासरी सांगत नाही. स्कोअरबुकातून मी दोघांचे फिरकीसमोरचे पहिले बारा-बारा चेंडू काढले. लेफ्टी त्यात साधारण चार एकेरी काढतो, पाच नंबरवाला एक किंवा दोन.

कीपर आणि लेफ्टी, दोघंही पहिल्या चेंडूपासून पॅड बांधून बसतील.

शहापूरचा वन डाऊन

सर, तुमच्याबद्दल आदर आहे, पण हे पटलं नाही. मी कायम तीनला खेळलोय. ओपनर गार्ड घेतात तेव्हापासून वन डाऊनवाल्याचा सामना सुरू होतो. कुठला बॉलर कुठून टाकतोय, कीपर किती मागं उभा आहे, चेंडू कुठल्या बाजूनं जुना होतोय, हे सगळं तो बघत असतो. दोघांना पॅड बांधून बसवलंत की दोघंही अर्धेच तयार होतात. पाचवी ओव्हर संपत आली की कीपर मनातून पॅड सोडायला लागेल आणि नेमकी तेव्हाच विकेट जाईल.

क्रम बदलायला माझी ना नाही. 2001 ला कोलकात्यात फॉलोऑन मिळाल्यावर लक्ष्मणला सहावरून तीनला आणलं, द्रविड सहाला गेला. एकानं 281 केल्या, दुसऱ्यानं 180. पण पहिला डाव संपल्यावर ड्रेसिंग रूममध्येच लक्ष्मणला सांगितलं होतं, पॅड काढू नकोस. विकेट पडायची वाट बघून नाही ठरवलं. बदल करायचा तर आदल्या दिवशी करा आणि माणसाला त्याची जागा द्या.

जुना स्कोअरर

कोचच्या बाजूनं एक मुद्दा आहे, तो अजून कुणी मांडला नाही. ऑक्टोबर 2022 पासून झेलबाद झाल्यावर फलंदाज क्रॉस झाले असले तरी नवा फलंदाजच स्ट्राइकला येतो, ओव्हर संपली नसेल तर. पूर्वी सेट झालेला जोडीदार चेंडू उंच असताना क्रॉस करून त्या बॉलरसमोर जायचा आणि नवा माणूस दुसऱ्या टोकाला उभं राहून दोन-चार चेंडू बघून घ्यायचा. आता ज्या बॉलरनं विकेट घेतली, त्याचाच पुढचा चेंडू नव्याला खेळायचा आहे. म्हणून आत जाताना समोर कोण आहे, याला आता पूर्वीपेक्षा जास्त किंमत आलीय. नियमाची अडचण काहीच नाही. टॉसआधी अकरा जणांची यादी लिहून द्यायची असते, क्रम कुणी बांधून घेत नाही.

मात्र निर्णय विकेट पडल्यावर घेऊ नका. पुढच्या फलंदाजानं तीन मिनिटांत चेंडू खेळायला तयार असावं लागतं. 2023 च्या वर्ल्ड कपमध्ये दिल्लीला अँजेलो मॅथ्यूज असाच टाइम आऊट झाला, त्या स्पर्धेत तर दोनच मिनिटं होती. दर ओव्हर संपली की "आता पडली तर कोण" हे एकानं मोठ्यानं सांगायचं. त्यानं वन डाऊन साहेबांची शंकाही थोडी कमी होईल, कारण त्या ओव्हरपुरता एकच माणूस तयार असेल.

आकड्यांबद्दल मात्र विचारायचंय. त्या 290 मधला सगळ्यात मोठा डाव किती? आणि 240 मधला?

टिळकवाडीचा कोच

लेफ्टीचा 96. पाच नंबरवाल्याचा 52, बाद होऊन.

जुना स्कोअरर

मग बघा. 96 बाजूला ठेवले तर लेफ्टीच्या 194 उरतात, नऊ डावांत. डावाला साडेएकवीस. दुसऱ्याचे 52 काढले तर 188, डावाला एकवीसला थोडे कमी. म्हणजे दोघं एकाच पायरीवर आहेत. दहा डावांत एका मोठ्या खेळीनं एवढा फरक पडतो. 40 ची सरासरी फसवी आहे, हे तुमचं बरोबर. पण त्यावरून लेफ्टी सरस ठरत नाही.

टिळकवाडीचा कोच

धावांवरून मी लेफ्टीला निवडलंच नाही. पोरं 40 हा आकडा धरून बसली होती, त्यात काय दडलंय ते दाखवायला तो हिशोब दिला. निवड एकेरी धावांवरून आहे. मॅटवर सात ते वीस या ओव्हरांत चौकार मागून मिळत नाहीत. एक टोक अडकलं की तीन ओव्हरांत आठ धावा होतात, मग कुणीतरी पुढं सरसावतो आणि स्टंपिंग होतं. गेल्या मोसमात आमचे डाव असेच कोसळले.

चिक्कोडी लेफ्टी

मी स्वतः लेफ्टी. माझं मत सरळ आहे, एक टोक डावं आणि एक उजवं पाहिजेच, बाकी काही बघू नका. दर धावेला बॉलरला लाइन बदलावी लागते, फील्डिंग हलवावी लागते. 2011 च्या फायनलला 114 वर 3 असताना गंभीर डावखुरा खेळत होता, म्हणून धोनी युवराजच्या आधी आला आणि 91 नाबाद करून कप घेऊन गेला.

जुना स्कोअरर

ते अर्धं कारण झालं. समोर मुरलीधरन होता आणि चेन्नईच्या नेटमध्ये धोनीनं त्याला भरपूर खेळलेलं होतं. म्हणजे तिथंही आधी बॉलर बघितला. शिवाय डाव्या-उजव्या जोडीचा उपयोग स्ट्राइक बदलला तरच. उजवा बारा चेंडूंत एकच धाव काढत असेल, तर बॉलरला लाइन बदलायची गरज पडत नाही. तो एकालाच टाकत राहतो.

निपाणीची आई

माझा मुलगा चौदा वर्षांचा आहे. अकॅडमीत त्याला आठव्या नंबरला पाठवतात. तीन सामन्यांत मिळून त्याला सहा चेंडू खेळायला मिळाले. कोचना विचारलं तर म्हणाले, टीमची गरज. इथं सगळे मोठ्यांच्या मालिकेचं बोलताय, पण ओव्हर बघून पाठवायचं ठरलं तर मागच्या पोरांना कधीच पाठवणार नाहीत, असंच वाटतंय मला. त्याला संघातून काढल्यासारखंच झालंय हे.

टिळकवाडीचा कोच

ताई, हे पत्र मोठ्यांच्या संघाचं आहे. चौदा वर्षांच्या मुलांना मी या पद्धतीनं खेळवत नाही. त्या वयात कोण फिरकी बरी खेळतो हे ठरलेलं नसतं, ते खेळूनच कळतं. आमच्याकडं लहान गटाच्या सराव सामन्यांत 25 चेंडू झाले की फलंदाज रिटायर होतो आणि पुढच्या सामन्यात क्रम उलटा लावतो. तुमच्या कोचना नंबर बदला असं म्हणू नका. सराव सामन्यात असं काही करता येईल का, ते विचारा. नुसती टीमची गरज असं उत्तर मला तरी पुरेसं वाटत नाही.

खानापूर ग्राउंड

मी मॅट ओढतो, म्हणून बोलतो. तुम्ही सगळे मॅट म्हणताय, पण कुठली मॅट आणि कशी ओढलेली? खाली मुरूम दाबून रोलर मारला असेल आणि चारी बाजूंनी खिळे ताणून ठोकले असतील तर चेंडू सरळ उसळतोय, छातीला येतोय. बॅकफूटवर कट-पुल मारणारा तिथं राजा. पण टप्प्याच्या जागी मॅट सैल असली की चेंडू थांबून येतोय. मग तोच कट मारणारा पॉइंटला झेल देतोय आणि ड्राइव्ह मारणारा बॉलरच्याच हातात. सरांचा लेफ्टी कट मारून एकेरी काढत असेल तर सैल मॅटवर त्याचे ते चार एकेरी कुठून येणार?

टॉसच्या आधी जाऊन बघा की. गुड लेन्थच्या जागी टाच दाबून पुढं ढकला. सुरकुती उठली तर सैल आहे. अंपायरना सांगून ताणून घ्या. उन्हानं वाळली की दुपारी परत सैल पडते, पाण्याचा हात मारावा लागतोय. आणि खाली मुरूम नसून ओली लाल माती असेल तर उसळीच कमी, तुमचं सगळं गणित बदलतंय.

टिळकवाडीचा कोच

हे कामाचं आहे. लेफ्टीचे एकेरी बहुतेक मिडविकेटला ढकलून येतात, कटवर कमी. त्यामुळं थोडी सैल मॅट त्याला चालेल. जास्त सैल असेल आणि ताणून मिळत नसेल, तर कीपरची हद्द सहावरून दहावर नेईन, कारण थांबून येणाऱ्या चेंडूला उशिरा खेळणाराच टिकतो. हे टॉसआधी सांगेन. दर ओव्हरला नाव मोठ्यानं सांगायचं काम कॅप्टनकडं, आणि तो आत खेळत असेल तर उपकॅप्टनकडं.

शहापूरचा वन डाऊन

मॅटचं आणि बॉलरचं सगळं मान्य. पण सर, पहिल्या सामन्यात कीपर जाईल, दुसऱ्यात लेफ्टी, तिसऱ्यात परत कीपर. मालिका संपल्यावर तुमच्याकडं तीन नंबरचा माणूस तयार झालेला नसेल, दोन अर्धे असतील. पुढच्या मोसमात पन्नास ओव्हरचे सामने आले की तेव्हा काय करणार?

टिळकवाडीचा कोच

पन्नास ओव्हरला तीन नंबर कायमचा ठरवणार, ते लिहून देतो. या मालिकेत मला 30 ओव्हरांत 150 च्या पुढं जायचंय, आणि त्यासाठी सात ते वीस या ओव्हरांत डाव अडकता कामा नये.

शहापूरचा वन डाऊन

मग तो कायमचा तीन नंबर कोण असेल, हे दोघांना आत्ताच सांगा. नाहीतर दोघंही या तीन सामन्यांत संघासाठी न खेळता त्या जागेसाठी खेळतील.