मदत हवी आहे: संध्याकाळी डोळ्यांत वाळू गेल्यासारखे खुपते, तरीही पाणी का येते?

कोरडवाहू: नमस्कार. गेल्या चार महिन्यांपासून दुपारी चारनंतर माझे डोळे चुरचुरू लागतात, पापणीखाली बारीक वाळू अडकल्यासारखे खुपते आणि दिवेलागणीपर्यंत जळजळ इतकी वाढते की डोळे मिटून बसून राहावेसे वाटते. सकाळी मात्र त्रास जवळजवळ नसतो. कामाचे आठ-नऊ तास संगणकासमोर जातात. डोळे कोरडे झाले म्हणावे, तर मधूनच घळाघळा पाणीही येते. डोळ्यांची लाली घालवणारे थेंब दिवसातून सहा-सात वेळा घालतो. थोडा वेळ बरे वाटते आणि मग डोळे आधीपेक्षा लाल दिसू लागतात. आठवडाभर गरम पाण्याचा शेकही घेतला, पण फरक पडला नाही. चष्म्याचा नंबर नुकताच तपासला असून तो बदललेला नाही. माझे नेमके काय चुकत आहे?

रानवारा: आपण पाणी कमी पीत असावात. पाणी वाढवा आणि माशाच्या तेलाच्या गोळ्या सुरू करा, म्हणजे डोळ्यांना आपोआप ओलावा मिळेल.

निरांजन: मी दृष्टितपासणीचे काम करते, म्हणून थोडे सविस्तर लिहिते. पाणी अवश्य प्यावे, पण इथे अडचण बहुधा अश्रू कमी बनण्याची नसून ते लवकर उडून जाण्याची आहे. पापण्यांच्या कडेला असलेल्या बारीक ग्रंथींतून तेल येते आणि त्याचा पातळ थर अश्रूंना झाकून ठेवतो. प्रत्येक पूर्ण उघडझापीबरोबर ते तेल थोडे थोडे पिळले जाते. पडद्याकडे पाहताना आपण पापण्या कमी वेळा मिटतो, आणि मिटतो तेव्हाही बऱ्याचदा अर्ध्यावरूनच परत उघडतो, त्यामुळे बुबुळाचा खालचा भाग उघडाच राहतो. तो सुकून चुरचुरला की डोळा घाईने पातळ पाणी सोडतो, पण त्यात तेल पुरेसे नसल्याने ते गालावर ओघळते आणि डोळा पुन्हा कोरडाच राहतो.

लाली घालवणारे थेंब आधी थांबवा. त्यांपैकी बरेचसे थेंब रक्तवाहिन्या आवळतात आणि असर उतरला की लाली उलट जास्त होऊन परतते. त्यांच्याऐवजी कृत्रिम अश्रू वापरा, आणि दिवसातून चारपेक्षा जास्त वेळा लागणार असतील तर टिकाऊपणाचे रसायन नसलेलेच घ्या, कारण ते रसायन वारंवार पडले तर स्वतःच डोळ्याला टोचते. माशाच्या तेलाबद्दल सांगायचे, तर २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या चाचणीत त्या गोळ्या ऑलिव्ह तेलाच्या गोळ्यांपेक्षा सरस ठरल्या नाहीत.

आता शेकाविषयी विचारते: कापड डोळ्यांवर किती वेळ ठेवत होतात, आणि मधे पुन्हा गरम करत होतात का?

कोरडवाहू: एकदाच भिजवून, निवेपर्यंत ठेवत होतो, जेमतेम दोन-तीन मिनिटे.

निरांजन: मग ग्रंथींतले घट्ट झालेले तेल वितळायला वेळच मिळाला नाही. मनगटावर सहज सोसेल इतके गरम कापड घ्या, ते दर दोन मिनिटांनी बदला आणि एकूण दहा मिनिटे डोळे मिटून ठेवा. त्यानंतर लगेच स्वच्छ बोटाने वरची पापणी वरून खाली आणि खालची पापणी खालून वर, म्हणजे दोन्ही वेळा कडेच्या दिशेने, हलकेच चोळा. बुबुळावर दाब देऊ नका. हे रोज करून निदान तीन-चार आठवडे वाट पाहावी लागते.

सायली_७: मलाही हेच होते, फक्त माझ्या डोळ्यांना भयंकर खाज सुटते. मी ॲलर्जीची गोळी घेते. तीच आपणही घेऊन पाहावी.

निरांजन: सायली, खाज हे मुख्य लक्षण असेल तर आपला त्रास वेगळा असू शकतो. ॲलर्जीच्या काही गोळ्यांनी डोळे आणखी कोरडे होतात, त्यामुळे धागाकर्त्याने ती घेऊ नये.

कोरडवाहू: तीन आठवड्यांनी लिहीत आहे. मोबाइल संगणकाशेजारी उभा करून काम करतानाचे पाच मिनिटांचे चित्रीकरण केले, तेव्हा माझी वरची पापणी बहुतेक वेळा बाहुलीच्या मध्यापर्यंतच खाली येऊन परत जाते हे पाहून थक्क झालो. आता प्रत्येक फाइल जतन करताना दहा वेळा डोळे सावकाश पूर्ण मिटतो. पडदा डोळ्यांच्या पातळीच्या खाली घेतला, म्हणजे पापण्या कमी उघड्या राहतात, आणि तोंडावर येणारा पंख्याचा झोत बाजूला वळवला. चारला सुरू होणारी जळजळ आता साडेसहाच्या सुमारास येते. पाणी येणे मात्र अजून थांबलेले नाही.

निरांजन: तोंडही कोरडे पडते का, सांधे दुखतात का? आणि एकाच डोळ्यात तीव्र वेदना, प्रकाश सहन न होणे किंवा धूसर दिसणे असे काही झाले, तर शेक घेत न बसता त्याच दिवशी नेत्रतज्ज्ञांना गाठावे.

कोरडवाहू: तसे काहीच नाही. तरी पुढच्या आठवड्यात नेत्रतज्ज्ञांकडे जाऊन, पापणीत कागदाची पट्टी ठेवून अश्रू मोजतात ती चाचणी करून घेणार आहे.

रानवारा: तोवर पाणी तरी वाढवा!