एक मिनिट, चिठ्ठीवरचा विषय आणि तुम्ही: अनुभव सांगा

गोदाकाठची
आमचा कॉलेज रोडला रविवारचा बोलायचा ग्रुप आहे, बारा-पंधरा जण, चिठ्ठी उचलायची आणि लगेच उभं राहून एक मिनिट बोलायचं. साचा सगळ्यांना पाठ आहे, आधी मुद्दा, मग कारण, मग उदाहरण आणि शेवटी एक वाक्य. इंग्रजीत प्रेप म्हणतात त्याला. तरी दर रविवारी निम्मे लोक चाळीस सेकंदात गप्प होतात आणि उरलेले दोन मिनिटं झाली तरी थांबत नाहीत. तेव्हा ज्यांनी हे खरंच केलंय त्यांनी लिहा, कुठे अडकलात आणि कसे सुटलात. "आत्मविश्वास ठेवा" वगैरे नको, ते आम्ही एकमेकांना दर आठवड्याला सांगतोच.

सीए_होणार
मीच सांगते कारण मी त्याच ग्रुपातली आहे 😀 मला चिठ्ठी आली, "कॉलेजला जायला बस बरी की स्वतःची गाडी?" मी सुरू केलं, नमस्कार, आज मला जो विषय मिळालाय तो अत्यंत महत्त्वाचा आहे, आजच्या धावपळीच्या जगात वाहतूक ही मोठी समस्या आहे, बसचे फायदे पण आहेत आणि तोटे पण आहेत, तसंच गाडीचे... आणि ताईंनी हात वर केला, चाळीस सेकंद झाले होते आणि मी अजून कुठल्याच बाजूला नव्हते. मग त्यांनी तोच विषय परत बोलायला लावला. दुसऱ्या वेळी साधारण असं आलं:

"मला बस बरी वाटते. कारण गाडीवर माझे डोळे रस्त्याला बांधलेले असतात, बसमधे तो वेळ माझा असतो. मागच्या वर्षी अकाउंटचा पेपर होता त्या दिवशी मी नाशिकरोडहून बस पकडली, द्वारकेला नेहमीप्रमाणे सगळं अडकलं, शेजारीच माझी मैत्रीण स्कूटीवर हॉर्न वाजवत उभी होती आणि मी खिडकीशी बसून घसाऱ्याची दोन गणितं परत वाचली. कॉलेजला दोघी एकाच वेळी पोचलो, पण त्यातलं एक गणित पेपरात आलं आणि माझं सुटलं. आई म्हणते गाडी घेऊन देते, मी म्हटलं आधी पासाचे पैसे दे."

लोक हसले. घड्याळ बघितलं तर पन्नास सेकंद. घसाऱ्याचं गणित खरं आहे हं, बनवलेलं नाही.

पंचवटीकर
सोपं आहे, चार भाग आहेत तर प्रत्येकाला पंधरा सेकंद. मी मनातल्या मनात मोजतो. आणि टोस्टमास्टर्स ह्या भाषणाच्या सरावाच्या क्लबमधे पण एकच मिनिट देतात, त्याच्या वर गेलात की बाद.

जुना_परीक्षक
पंचवटीकर, दोन्ही अर्धंच बरोबर. तिथे टेबल टॉपिक्सला, म्हणजे आयत्या वेळच्या भाषणाला, एक मिनिटाला हिरवा दिवा लागतो, दीडला पिवळा, दोनला लाल, म्हणजे एक मिनिट ही तिथे खालची मर्यादा आहे, वरची नाही. बंद करायची वेळ दोन मिनिटांनंतरची.

आणि पंधरा-पंधरा सेकंदांची वाटणी करू नका. वरच्या मुलीचं उत्तर परत वाचा. मुद्दा चार शब्दांचा, कारण एका वाक्याचं, शेवट एका वाक्याचा आणि बाकी सगळं उदाहरण. अर्ध्याहून जास्त वेळ उदाहरणाला गेलाय आणि तो तसाच जायला हवा. कारणाला पंधरा सेकंद द्यायला गेलात की तुम्ही दुसरं कारण शोधता, मग तिसरं, आणि कारणांची यादी झाली की उदाहरण कुठल्या कारणाचं तेच ऐकणाऱ्याला कळत नाही.

मी बरीच वर्षं शाळा-कॉलेजांच्या स्पर्धांना परीक्षक म्हणून बसलोय, सगळ्यात जास्त वेळा दिसलेली चूक सांगतो. मुद्दा आणि कारण एकच असतं. "बस चांगली, कारण बसने जाणं सोयीचं." हे कारण नाही, मुद्द्यालाच दुसरा सदरा घातलाय. ओळखायचं असं की दोन्ही वाक्यं उलटी करून बोला, बसने जाणं सोयीचं कारण बस चांगली. तरीही तेवढंच पटत असेल तर तुमच्याकडे कारण नव्हतंच. "माझा वेळ माझा राहतो" हे उलटं करून बघा, जमत नाही. म्हणजे ते कारण.

दुसरी चूक उदाहरणात. कारण सांगितलं वेळेचं आणि उदाहरण दिलं कंडक्टरने म्हातारीला कसं चढवलं त्याचं. गोष्ट गोड असते, टाळ्याही पडतात, पण ती दुसऱ्याच कारणाची असते. अशा वेळी उदाहरण टाकू नका, कारण बदला. मी स्वतः तर उलटंच करायचो. चिठ्ठी वाचली की आधी एक खरा प्रसंग आठवायचा, मग विचारायचं ह्यावरून काय सिद्ध होतं, ते झालं कारण, आणि त्यातून बाजू ठरवायची. बोलताना क्रम मुद्द्यापासून, विचार करताना उदाहरणापासून. दहा सेकंदात जेवढं होतं तेवढं.

गोदाकाठची
हे उलटं शोधायचं मला आवडलं. पण सर, खरं मत एक आणि प्रसंग दुसऱ्या बाजूचा आठवला तर? मला गाडीच आवडते आणि आठवतोय बसचाच किस्सा.

जुना_परीक्षक
सरावात प्रसंगाच्या मागे जा. मुलाखतीत नको, पुढचा प्रश्न आला की पकडले जाल.

मराठी_आई
माझा मुलगा पाचवीत आहे, शाळेच्या वक्तृत्व स्पर्धेत त्याला "माझा आवडता सण" आलाय. मी चार पानं लिहून दिलीत आणि तो रोज पाठ करतोय, पण मधेच विसरला की सुरुवातीपासून म्हणतो. ह्या साच्यात चार पानं कशी बसवू?

सीए_होणार
काकू ते पाठांतर झालं, इथे आयत्या वेळचं चाललंय 😅

जुना_परीक्षक
असू दे, विचारू दे. ताई, चार पानं फाडा. त्याला विचारा मागच्या दिवाळीत तू नक्की काय केलंस, आणि तो जे बोलेल तेवढंच ठेवा. स्वतःचा प्रसंग विसरला तरी त्याला सुरुवातीपासून यावं लागणार नाही.

सातपूर_शिफ्ट
मी स्पर्धाबिर्धा काही केलेलं नाही, सीएनसीवर सुपरवायझर आहे. आमच्याकडे सकाळी सात वाजता शिफ्ट बदलताना उभ्या उभ्या मीटिंग असते, मॅनेजर बोट दाखवतो आणि विचारतो, एवढा माल रिजेक्ट का. पहिल्या वर्षी मी सुरुवात करायचो की साहेब काल रात्री असं झालं की आधी लाईट गेली होती, मग तो नवा पोरगा आला... आणि साहेब मधेच दुसऱ्याकडे वळायचे, माझं खरं कारण शेवटी असायचं ते कुणी ऐकलंच नाही.

आता असं बोलतो. इन्सर्ट म्हणजे मशीनवरचं धातू कापणारं पातं आणि ओडी म्हणजे जॉबचा बाहेरचा व्यास. "दोन नंबरच्या मशीनवर इन्सर्ट उशिरा बदलला म्हणून पाचशेत बावीस पीस गेले. इन्सर्ट झिजत गेला की जॉबचा ओडी हळूहळू वाढत जातो आणि दोनशे पीसला एकदाच चेकिंग असल्यामुळे ते लक्षात येत नाही. काल रात्री अडीचला जे चेक केले ते मापात होते, साडेचारला चेक केले ते सगळे मापाबाहेर, मधले वेगळे करून ठेवलेत. आजपासून दर पन्नासला चेक करतो आणि इन्सर्ट दीडशेला बदलतो." ह्याला अर्धं मिनिटच लागतं, पण साहेब पूर्ण ऐकतात.

माझ्या मते आमच्या कामात शेवटचं वाक्य म्हणजे मुद्दा परत सांगणं नाही, पुढे काय करणार ते सांगणं. "म्हणून इन्सर्ट वेळेत बदलला पाहिजे" असं म्हणालो असतो तर पुढचा प्रश्न ठरलेला, मग बदलला का नाही.

आणि एक. कधी कधी कारण माहीतच नसतं. तेव्हा मुद्दा हाच, की कारण अजून सापडलेलं नाही, ह्या दोन गोष्टी तपासल्या, तिसरी बारापर्यंत तपासतो. आधी मी अशा वेळी कायतरी कारण बनवायचो, दोनदा अंगाशी आलं.

पंचवटीकर
पण मग शेवटी मुद्दा परत सांगायचा की नाही? प्रेपमधला शेवटचा पी मुद्द्याचाच आहे ना.

जुना_परीक्षक
मुद्दा परत यावा, शब्द परत येऊ नयेत. "म्हणून मला बस बरी वाटते" असं म्हणाली असती तर पडलं असतं. "आधी पासाचे पैसे दे" ह्यात तोच मुद्दा आहे. सुपरवायझरचं वेगळं, तिथे काम पुढे जायला हवं.

गोदाकाठची
मला नाही पूर्ण पटत. आमच्याकडे नवीन आलेल्यांना मी सरळ तेच वाक्य परत म्हणायला सांगते, कारण त्यांना थांबायला जागा मिळते. नाहीतर ते शेवटचं चटकदार वाक्य शोधत अजून एक मिनिट फिरत राहतात आणि जाता जाता "अजून एक सांगायचं राहिलं" म्हणून नवीन मुद्दा काढतात.

जुना_परीक्षक
तेही खरं. मग असं करा, शेवटचं वाक्य उदाहरण सुरू करायच्या आधीच ठरवून ठेवायचं. उदाहरण सांगताना मग माहीत असतं कुठे उतरायचंय.

गोदाकाठची
दहा सेकंदात प्रसंग पण, कारण पण, आणि शेवट पण? नवीन माणसाला?

निफाडकर
रामराम. आमच्याकडे ग्रामसभेत हे चालत नाही असा माझा अनुभव. एकदा कांद्याच्या पाण्याच्या पाळीवरून विषय होता, मी उठलो आणि सरळ म्हणालो, पाळी आठ दिवसांची पाहिजे, कारण अमुक. म्हातारी माणसं म्हणाली हा कोणाचा पोरगा, आल्या आल्या फर्मान सोडतोय. कारण बरोबर होतं, उदाहरण माझ्याच वावरातलं होतं, तरी पडलं. पुढच्या वेळी चुलत्याने आधी दोन वाक्यं विहिरीच्या पाण्याबद्दल काढली, कुणाची किती खाली गेली वगैरे, सगळे हं हं म्हणाले आणि मग मुद्दा टाकला. तोच मुद्दा, मंजूर झाला. मिनिटाचं म्हणाल तर चुलते पाच मिनिटं बोलले आणि कुणी घड्याळ बघितलं नाही.

सातपूर_शिफ्ट
दादा पण मंजूर चुलत्यांमुळे झालं की आधी विहिरीचं काढल्यामुळे?

निफाडकर
ते मला पण अजून कळलं नाही. पुढच्या सभेला चुलत्याला घरी बसवून मीच विहिरीपासून सुरू करून बघणार आहे.

ओझरची_पूर्वा
एक शंका. मला चिठ्ठी आली होती "लहानपणची एक भीती". मी म्हणाले, मला कुत्र्यांची भीती वाटायची, कारण एकदा कुत्रा मागे लागला होता, आणि मग तीच गोष्ट उदाहरण म्हणून परत सांगितली. सगळं पहिल्या दोन वाक्यातच संपलं आणि मग गोष्टीला काही मजाच राहिली नाही.

जुना_परीक्षक
तिथे साचा वापरूच नका. मत विचारलं असेल तर मुद्दा आधी, आठवण विचारली असेल तर गोष्टच आधी, आणि कुत्रा कोपऱ्यावरून वळेपर्यंत तो येणार आहे हे आम्हाला सांगायचं नाही.

गोदाकाठची
पण "आवडता सण" हे मत की आठवण?

मराठी_आई
हेच विचारायचं होतं मला.