मदत हवी आहे: पीसी एकदम डेड, लाइटच नाही

काल रात्री लाइट गेली, परत आली आणि तेव्हापासून डेस्कटॉप चालूच होत नाहीये, बटण दाबलं तर फॅन नाही, बीप नाही, काहीच नाही. भिंतीच्या सॉकेटला टेबल लॅम्प लावून बघितला, मस्त लागतो. स्पाइक गार्डचा लाल दिवा पेटतो पण त्यावर भरवसा नाही म्हणून तो काढून केबल डायरेक्ट भिंतीत लावली, तरी तेच. मग मॉनिटरची केबल सीपीयूला आणि सीपीयूची मॉनिटरला लावली तर मॉनिटर चालू झाला, म्हणजे केबल चांगलीये. एसएमपीएसच्या मागचा स्विच I वरच आहे (घरात पोरगं आहे, त्याच्यावर पहिला डाऊट होता 😅).

साइड पॅनल उघडलं तर मदरबोर्डवरचा छोटा हिरवा लाइट, जो पीसी बंद असतानाही पेटलेला असायचा, तोही बंद. म्हणजे 5 व्होल्टचा स्टँडबाय सप्लायच येत नाही ना? मग समोरच्या बटणाचा दोष नसणार असं मला वाटतंय. आता 24 पिनचा कनेक्टर बोर्डातून काढून हिरवी आणि काळी वायर पेपरक्लिपने जोडून बघू का, एसएमपीएसचा फॅन फिरला नाही तर एसएमपीएसच गेला असं धरायचं का? की शॉर्ट झालेल्या बोर्डामुळेही असं होतं? नवीन घ्यायच्या आधी कोणीतरी सांगा प्लीज.